मुलाखतीच्या उताऱ्यापासून व्यक्तिलेखापर्यंत : पाळीच्या एका खाण-सर्वेअरच्या निमित्ताने

आपल्या मंडळाकडे जमलेल्या मुलाखतींपैकी बऱ्याचशा अजून ध्वनिमुद्रणाच्या रूपातच पडून आहेत. कारण साधे आहे. मुलाखत घ्यायला दोन तास लागतात, ती शब्दशः उतरवून काढायला दहा-बारा तास, आणि त्या उताऱ्याचा वाचण्याजोगा लेख करायला त्याहूनही जास्त. यांतल्या शेवटच्या टप्प्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. "ऐकायचं आणि नीट मराठीत लिहून काढायचं, त्यात काय" असाच साधारण समज असतो. त्यात काय असतं, हे एका मुलाखतीच्या आधारे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मुलाखत दिली ती पाळीच्या परिसरातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर तीसेक वर्षे सर्वेअर म्हणून काम केलेल्या गृहस्थांनी. त्यांच्यावरचा व्यक्तिलेख वेगळा आहे. इथे विषय लेख कसा तयार झाला हा असल्यामुळे त्यांचे आणि खाणीचे नाव घेत नाही. दोन बैठकी झाल्या. पहिली एक तास पन्नास मिनिटांची, दुसरी चाळीस मिनिटांची. पहिल्या बैठकीचा उतारा बारा हजार शब्दांच्या आसपास भरला. लेख झाला दोन हजार शब्दांचा. म्हणजे दर सहा शब्दांतले पाच गेले. कुठले पाच गेले, हाच सगळा प्रश्न.

माणूस बोलतो तेव्हा तो एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असतो. काय घडलं ही एक, आणि ते आपल्याला कसं ठाऊक ही दुसरी. पाहिलं, केलं, ऐकलं, की नुसता अंदाज, हे तो बोलण्यातल्या बारीकसारीक शब्दांनी दाखवत जातो. लेखाची भाषा घोटीव करताना पहिली गोष्ट शिल्लक राहते आणि दुसरी सहज पुसली जाते, कारण ती दाखवणारे शब्द दिसायला फापटपसाऱ्यासारखे असतात. गोव्यात हा धोका दुप्पट आहे. बोलणं कोंकणीत होतं आणि लेख मराठीत लिहिला जातो, त्यामुळे आपण नुसतं संपादन करत नाही, भाषांतरही करत असतो.

उतारा कसा असावा

उतारा बोलणाऱ्याच्या भाषेतच ठेवावा, ही पहिली अट. ऐकता ऐकताच मराठीत उतरवलं तर वेळ वाचतो हे खरं, पण मग मागे जाऊन मूळ शब्द तपासायचा कुठे? आमच्या या सर्वेअरांनी मुलाखतीची पहिली दहा मिनिटे अगदी पुस्तकी मराठीत सांगितली: जन्म, शाळा, वडिलांचा व्यवसाय. समोर यंत्र चालू आहे म्हटल्यावर आपल्याकडची त्या पिढीतली माणसं अशीच बोलतात. वर्तमानपत्र, कीर्तन, शाळा ही सगळी मराठीत झाल्यामुळे औपचारिक बोलायचं म्हणजे मराठी, असं मनात बसलेलं असतं. खाणीचा विषय निघाला आणि ते कोंकणीवर आले. मोजणीचं सांगू लागले तसे निम्मे शब्द इंग्रजी झाले: लेव्हल, स्टाफ, रीडिंग, सेक्शन. कागदपत्रांचा विषय आला तेव्हा अधूनमधून एखादा पोर्तुगीज शब्द.

हे बदल उताऱ्यात जसेच्या तसे असावेत, आणि दर दोन-तीन मिनिटांनी बाजूला वेळ नोंदवावी. माणूस कुठल्या भाषेत सांगतो यावरून तो आठवून सांगतो आहे की ठरवून सांगतो आहे, याचा बराच अंदाज येतो. लेखात आम्ही जी अवतरणे वापरली ती सगळी दहाव्या मिनिटानंतरची आहेत, हे लेख झाल्यावर लक्षात आलं.

हुंकार, "म्हणजे", "तें कितें तें" असली भरती उताऱ्यात ठेवायची की नाही? माझं मत असं, की पहिल्या उताऱ्यात ठेवावी, आणि काढायची ती लेख लिहिताना काढावी. कुठला शब्द भरतीचा आणि कुठला अर्थाचा, हे उतरवून घेणाऱ्याने ठरवू नये. ते का, हे पुढच्या उदाहरणावरून कळेल.

एक उतारा, तीन वळणे

पहिल्या बैठकीच्या साधारण बावन्नाव्या मिनिटाला ते असं बोलले:

"आमी सकाळीं सातांक पिटांत देंवताले. हांव इन्स्ट्रुमेंट धरतालों, दोगजाण स्टाफ घेवन वताले. ते कोनशाक एक फातर आशिल्लो, पुर्तुगेजांच्या काळावयलो. तो मागीर मुखार व्हेलो खंय. म्हाका खबर ना, हांव तेन्ना रजेर आशिल्लों. आमी तशें करिनाशिल्ले."

याचं घोटीव मराठी अगदी सहज असं होतं: "सकाळी सात वाजता आम्ही खाणीत उतरलो. त्या कोपऱ्यात पोर्तुगीज काळातला सीमादगड होता. पुढे तो सरकवण्यात आला. मी मात्र तसे कधी केले नाही." वाक्ये सुटसुटीत आहेत, वाचायला बरी आहेत. आणि प्रत्येक वाक्यात मुळातलं काहीतरी बदललं आहे.

"देंवताले", "वताले" ही रूपे रोजच्या रिवाजाची आहेत. मराठीत "उतरायचो", "जायचे" असं हवं. "उतरलो" म्हटलं की ती एका दिवसाची घटना होते, आणि पुढचा दगड त्या दिवशी पाहिल्यासारखा वाटू लागतो. कोंकणीतलं हे रूप मराठीत साध्या भूतकाळात घालण्याचा मोह होतो, कारण साधा भूतकाळ गोष्टीसारखा वाचला जातो. तो आवरायचा.

"आमी" या शब्दाला मराठीत दोन दारं आहेत, "आम्ही" आणि "आपण". कोंकणीत दोन्हीला "आमी"च. इथे समोरच्याला वगळूनच बोलणं चाललं आहे, म्हणून "आम्ही" बरोबर. पण शेवटच्या वाक्यातला "आमी" म्हणजे कोण? मोजणीची तिघांची टोळी, खाणीचा सर्वे विभाग, की एकूण त्या काळचे सर्वेअर? वरच्या घोटीव मराठीत त्याचा "मी" झाला आहे. एका धंद्याच्या रीतीबद्दलचं विधान त्यामुळे एका माणसाच्या सफाईसारखं वाचलं जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो "खंय". आपल्याला वेगळं सांगायला नको, की वाक्याच्या शेवटी येणारा "खंय" म्हणजे "कुठे" नव्हे. "तो आयलो खंय" म्हणजे तो आला म्हणे, असं ऐकलं. मराठीत त्याला नेमका जोड "म्हणे" हा आहे. पण उतरवून घेणारा गोव्याबाहेरचा असेल तर तो तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होतो, आणि गोव्यातला असेल तर सवयीचा शब्द म्हणून सोडून देतो. दोन्ही प्रकारांत ऐकीव गोष्ट साक्षीची होते. या वाक्यात तर त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं आहे, एकदा "खंय" म्हणून आणि एकदा "म्हाका खबर ना, हांव रजेर आशिल्लों" म्हणून. घोटीव मराठीत दोन्ही गळले.

"सीमादगड" कुठून आला?

वरच्या तीन वळणांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. मूळ बोलण्यात "फातर" आहे. "सीमा" हा शब्द नाही. तो लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आला, आणि का आला हेही समजण्यासारखं आहे.

पोर्तुगीज अमलात खाणींच्या सवलती दिल्या गेल्या. मुक्तीनंतरही त्या तशाच चालल्या आणि 1987 च्या कायद्याने त्या रद्द करून त्यांची लीज झाली. 2012 साली न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, त्यात लीजच्या हद्दीबाहेरच्या उत्खननाचा प्रश्न होता. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. पुढे 2014 चा निकाल झाला, 2018 साली 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं. डिचोली तालुक्यात ज्याचं घर ट्रकवर, बार्जवर किंवा खाणीवर चालत होतं त्याला या तारखा पाठ आहेत. असा वाचक "पोर्तुगीज काळातला दगड पुढे नेला" हे वाचतो तेव्हा त्याला फक्त एकच अर्थ दिसतो: हद्द सरकवली. आणि हे छापलं जाणार त्या खाणीच्या सर्वेअरच्या तोंडी. मुलाखत देणारा माणूस गावात राहतो. त्याचे जुने सहकारी गावात राहतात. एका शब्दाने तो साक्षीदार होतो, कदाचित आरोपीही.

दुसऱ्या बैठकीत मी त्यांना विचारलं, "तो फातर कसलो, बाब? शिमेचो?"

ते हसले. दगड हद्दीचा नव्हताच. तो बेंचमार्क होता.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. खाणीत उंची मोजताना प्रत्येक वेळी समुद्रसपाटीपासून सुरुवात करता येत नाही. म्हणून आवारात एखाद्या न हलणाऱ्या ठिकाणी, दगडावर किंवा काँक्रीटच्या खांबावर, एक खूण करतात आणि तिची उंची नक्की करून लिहून ठेवतात. तो बेंचमार्क. सर्वेअर आपलं लेव्हल यंत्र कुठेतरी मध्ये लावतो, आधी बेंचमार्कवर उभ्या केलेल्या स्टाफवरचं रीडिंग घेतो, मग खाणीतल्या हव्या त्या बिंदूवरचं. दोन्हींच्या फरकावरून त्या बिंदूची उंची निघते. खाण पसरत गेली की एक दिवस सुरुंगाचं आणि खोदाईचं काम त्या दगडापाशी येऊन ठेपतं. तेव्हा खूण पुढे सुरक्षित जागी न्यावीच लागते. "मुखार व्हेलो" तो हा.

मग "आमी तशें करिनाशिल्ले" याचा अर्थ काय? खूण हलवताना जुन्या दगडापासून नव्या दगडापर्यंत उंची मोजत जायची, आणि तिथून उलट मोजत परत जुन्यावर यायचं. परत आल्यावर आकडा जुळला, किंवा फरक अगदी काही मिलिमीटरांतच राहिला, तर नवी खूण पक्की. त्यांच्या रजेच्या काळात हे परतीचं मोजमाप न घेताच खूण हलवली, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "तशें" म्हणजे परतीच्या रीडिंगशिवाय. "आमी" म्हणजे त्यांचा सर्वे विभाग.

हे किती महत्त्वाचं होतं, हेही मी त्यांच्याकडून हिशेब करून घेतलं, कारण नाहीतर वाचकाला हा किस जास्त वाटेल. समजा नव्या दगडाची उंची 10 सेंटिमीटरनी चुकली. महिनाअखेरीस खोदाई किती झाली हे काढताना खाणीची जुनी पातळी जुन्या दगडावरून घेतलेली आणि नवी पातळी नव्या दगडावरून. खाणीचं क्षेत्र 2 हेक्टर धरलं, म्हणजे 20,000 चौरस मीटर, तर 10 सेंटिमीटरच्या चुकीने 2,000 घनमीटर माती-खनिज कागदावर जास्त किंवा कमी दिसणार. घनमीटरला अडीच टन धरले तर ते 5,000 टन. एकदाच होणारी चूक, पण त्या महिन्याचा ताळमेळ त्याने बसत नाही, आणि जाब सर्वेअरला विचारला जातो.

तर हद्दीबद्दलचा आरोप वाटणारं वाक्य प्रत्यक्षात एका कारागिराची दुसऱ्याच्या निष्काळजीपणावरची टिप्पणी निघाली, आणि तीसुद्धा ऐकीव. लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद त्यातूनच झाला. दगड कसा हलवतात हे सांगता सांगता त्या माणसाचा कामाकडे बघण्याचा स्वभाव आपोआप येतो. "ते अत्यंत काटेकोर होते" असं लिहावं लागत नाही.

यावरून एक नियम आम्ही धरला. उताऱ्यातल्या ज्या नामाला लिहिणारा विशेषण किंवा जोडशब्द लावतो (दगडाचा सीमादगड, साहेबाचा पोर्तुगीज साहेब, कागदाचा करारनामा) त्या प्रत्येकाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि दुसऱ्या बैठकीत विचारायचं. त्यासाठी दुसरी बैठक हवीच. पहिली बैठक ऐकण्यासाठी असते, दुसरी शब्दांचे अर्थ नक्की करण्यासाठी.

आकडे आणि साल

व्यवसायातल्या माणसाच्या बोलण्यात आकडे भरपूर येतात, आणि लेखात आकडा आला की तो पक्का वाटतो. ते म्हणाले, "सीझनाक दिसाक तिनशें ट्रक वताले." लेखात "रोज तीनशे ट्रक" लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे तीनशे वाहनांची रांग उभी राहते. पण खाणीवरच्या हिशेबात ट्रक म्हणजे बहुतेक वेळा खेप. एकच ट्रक खाणीवरून जेटीवर दिवसात पाच-सहा खेपा करत असेल तर तीनशे खेपांना पन्नास-साठ ट्रक पुरतात. विचारल्यावर त्यांनी तेच सांगितलं. मग आम्ही ढोबळ पडताळा घेतला: खेपेला 10 टन, तीनशे खेपा म्हणजे 3,000 टन. पावसाळ्याचे चार महिने वगळून, सुट्ट्या आणि बिघाड धरून कामाचे 200 दिवस धरले तर वर्षाला 6 लाख टन. हा आकडा मध्यम आकाराच्या खाणीला शोभणारा आहे की नाही, हे त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, चांगल्या वर्षी तेवढा, एरवी कमी. म्हणून लेखात "चांगल्या हंगामात दिवसाला तीनशेपर्यंत खेपा" असं गेलं. "पर्यंत" हा शब्द त्या पडताळ्याची कमाई आहे.

सालांचं असंच. आपल्याकडची वडीलधारी माणसं साल सांगत नाहीत, घटना सांगतात. मुक्तीचं वर्ष, ओपिनियन पोल, भाऊसाहेब गेले ते वर्ष, राज्य झालं ते वर्ष. या खुणा पक्क्या आहेत: 1961, 1967, 1973, 1987. त्यांच्या आधारे बाकीचं बसवता येतं. आमचे सर्वेअर एकदा म्हणाले, भाऊसाहेब बांदोडकर गेले तेव्हा आपण खाणीवर होतो. पण घरातलं नेमणूकपत्र 1974 चं निघालं. दोन्ही बरोबर होतं. "मायनीर लागलों" आणि "सर्वेअर जालों" यांत फरक आहे. ते आधी रोजंदारीवर मोजणीच्या टोळीत स्टाफ धरायला होते. कागद आणि आठवण जुळत नसेल तर आठवण चूक असं लगेच ठरवू नये. आधी बघावं, की दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतात का.

आणि आठवण खरोखरच चुकली असेल तेव्हाही ती टाकून द्यायची नसते. इटालीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात 1949 साली लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एक कामगार पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. इटालीने नाटोत जाण्याविरुद्धची ती निदर्शने होती. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी हा मृत्यू 1953 साली, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या संघर्षात झाला असं सांगितलं. पोर्तेल्लींनी साल दुरुस्त केलं, पण चूकही जपली, आणि ती का झाली हेच अभ्यासलं: गावाच्या मनात जी मोठी जखम होती तिथे हा मृत्यू जाऊन बसला होता. आपल्या भागात 2012 ची खाणबंदी अशीच आहे. त्याआधी किंवा नंतर बंद पडलेलं गॅरेज, विकलेला ट्रक, सुटलेली नोकरी, सगळं बोलण्यात "बंदीच्या वेळचं" होतं. लेखात खरं साल द्यावं आणि बोलणाऱ्याने ते कुठल्या घटनेला बांधलं तेही सांगावं.

लेख कुणाच्या तोंडचा?

मराठीत याला शब्दांकन म्हणण्याची रीत आहे, आणि त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे हंसा वाडकरांचं "सांगत्ये ऐका". ते अरुण साधूंनी शब्दांकित केलं, "माणूस"मध्ये आलं, आणि पुढे श्याम बेनेगलांच्या 1977 च्या "भूमिका" चित्रपटाचा तो आधार झाला. सगळं निवेदन बाईंच्या तोंडी, "मी" म्हणून. अशा लेखनात बोलणाऱ्याचा आवाज पूर्णपणे मिळतो. पण आवाज कुठे संपतो आणि लिहिणाऱ्याचा हात कुठे सुरू होतो, हे वाचकाला सांगता येत नाही. एका माणसाचं आयुष्य सांगायचं असेल तेव्हा ही तडजोड परवडते.

आपल्या व्यक्तिलेखांना ती परवडत नाही असं माझं मत आहे. आपल्याला नेमणूकपत्राचं साल, खेपांचा पडताळा, बेंचमार्क म्हणजे काय, हे सांगायचं असतं, आणि ते सर्वेअरच्या तोंडी घातलं तर त्यांनी न बोललेलं त्यांच्या नावावर जातं. म्हणून आम्ही निवेदन तृतीय पुरुषी ठेवलं आणि त्यांचे शब्द अवतरणात. अवतरण म्हणजे त्यांनी उच्चारलेलंच, मध्ये गाळलं असेल तर तीन टिंबं, आणि दोन वेगळ्या मिनिटांची वाक्ये एका अवतरणात जोडायची नाहीत. दोन हजार शब्दांत सातच अवतरणे आहेत. चार मराठीत फिरवून, तीन कोंकणीतच. कोंकणीत ती ठेवली जी मराठीत नेल्यावर फिकी पडत होती, किंवा ज्यांत "खंय" होता.

क्रमही बदलला. बोलताना त्यांनी बालपण, नोकरी, निवृत्ती असं सांगायला सुरुवात केली, पण पंधराव्या मिनिटानंतर सगळं आठवणीच्या ओघाने पुढेमागे झालं. उताऱ्याचे एकेका विषयाचे तुकडे केले, प्रत्येकावर वेळ लिहिली, टेबलावर मांडले. एकूण 43 तुकडे झाले. त्यांतले 26 मोजणीबद्दल होते, घराबद्दल 4. तेव्हा लेखाचा कणा जन्म ते निवृत्ती असा न ठेवता खाणीवरचा एक महिना असा ठेवला: महिन्याच्या सुरुवातीची पातळी, रोजची मोजणी, महिनाअखेरचं सेक्शन काढणं, आणि खनिजाच्या आकड्यावरून होणारी वादावादी. आयुष्यातले प्रसंग त्या त्या ठिकाणी आले. माणूस कशाबद्दल जास्त बोलला हे मोजलं, तर लेखाचा कणा बहुतेक वेळा तोच सांगून जातो.

वाचून दाखवणं

छापण्याआधी लेख त्यांना वाचून दाखवला. वाचायला दिला नाही, वाचून दाखवला, तोही सावकाश. हातात कागद दिला की माणूस शुद्धलेखन बघतो. ऐकताना तो "हें हांवें अशें म्हणूंक ना" म्हणतो. दोन गोष्टी आधीच सांगितल्या: वस्तुस्थितीची चूक असेल ती दुरुस्त होईल, आणि एखादं वाक्य स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या त्रासाचं वाटलं तर ते निघेल. भाषा जास्त सुंदर करून हवी असेल तर मात्र नाही.

त्यांनी तीन बदल सांगितले. एका सहकाऱ्याचा उल्लेख काढायला लावला, तो काढला. आम्ही "थिओडोलाइट" लिहिलं होतं तिथे "लेव्हल" हवं होतं. उंचीसाठी लेव्हल, कोनांसाठी थिओडोलाइट, तेव्हा ते बरोबरच होतं. आणि दगडाचा परिच्छेद ऐकून म्हणाले, "खंय तो दवरात." तो ठेवला. छापलेलं वाक्य असं आहे: ते रजेवर असताना ही खूण परतीचं रीडिंग न घेता पुढे नेली म्हणे, त्यांनी स्वतः ते पाहिलेलं नाही.

मंडळाच्या संग्रहात आता या मुलाखतीचे चार जिन्नस एकत्र ठेवले आहेत: ध्वनिमुद्रण, कोंकणीतला शब्दशः उतारा, दुसऱ्या बैठकीची प्रश्नोत्तरे आणि लेख. लेखाच्या प्रतीवर समासात प्रत्येक परिच्छेदापुढे उताऱ्यातली मिनिटे लिहिलेली आहेत. वीस वर्षांनी कुणाला दगडाच्या त्या वाक्याबद्दल शंका आली, तर त्याने लेख बाजूला ठेवावा, बावन्नावं मिनिट लावावं आणि स्वतः ऐकावं.